सात वर्षं, आणि सापडत नाही

कमलनगरच्या शाखेत मी सहायक व्यवस्थापक म्हणून रुजू झाले तेव्हा मोठी परिपत्रकं वाचण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मुख्य कार्यालयाकडून येणारे ते लांबलचक इंग्रजी मजकूर कोणीच शेवटपर्यंत वाचत नसे. आमचे व्यवस्थापक तर विषयाची ओळ आणि शेवटची तारीख बघत आणि बाकीचं माझ्या टेबलावर टाकत. "मॅडम, यातून आपल्याला काय करायचंय आणि कधीपर्यंत, तेवढं एका पानावर द्या." ते कन्नडमध्ये बोलत; मी इथे मराठीत लिहिते आहे.

माझी वाचायची पद्धत साधी होती. पेन्सिल घ्यायची आणि 'करावेच लागेल' म्हणणाऱ्या प्रत्येक वाक्याखाली रेघ ओढायची. 'करता येईल' म्हणणाऱ्या वाक्यापुढे फक्त टिंब. मग बघायचं, हे कोणी करायचं, बँकेनं की ग्राहकानं. मुदत कुठून मोजायची, परिपत्रकाच्या तारखेपासून की ते मिळाल्यापासून. आणि जोडपत्र आधी वाचायचं, कारण खरी कामं बहुतेक वेळा तिथेच लपलेली असतात.

ते परिपत्रक लॉकरबद्दल होतं. वर्षानुवर्षं न उघडलेले लॉकर शोधा, त्यांच्या ग्राहकांशी संपर्क करा, आणि तिमाही संपण्याआधी विभागीय कार्यालयाला अहवाल पाठवा, असं त्यात होतं. पुढच्या एका परिच्छेदात लॉकर फोडण्याविषयी लिहिलं होतं. लॉकर सात वर्षं उघडला गेला नसेल आणि ग्राहक सापडत नसेल, तर भाडं नियमित येत असलं तरी बँकेला तो उघडण्याची मोकळीक राहील. त्याआधी पत्र, मेल आणि मोबाइलवर संदेश पाठवायचा. पत्र परत आलं तर दोन वर्तमानपत्रांत जाहीर सूचना द्यायची, एका इंग्रजी आणि एका स्थानिक भाषेतल्या, आणि उत्तरासाठी पुरेसा वेळ द्यायचा. फोडताना एक अधिकारी आणि बाहेरचे दोन साक्षीदार हवेत.

मी एका पानावर स्पष्ट लिहिलं. बंधन: यादी, संपर्क, अहवाल. मुदत: तिमाहीअखेर, फक्त अहवालासाठी. मोकळीक, बंधन नव्हे: लॉकर उघडणं. लॉकर उघडण्याच्या अटीतल्या, सात वर्षं आणि ग्राहक न सापडणं यांना जोडणाऱ्या 'आणि' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या.

आमच्या शाखेत असा एकच लॉकर निघाला. तो एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेचा होता. गावात सगळे त्यांना बाई म्हणत. ठाणाकुशनूरच्या शाळेत त्यांनी माझ्या मामाला बाराखडी शिकवली होती. नवरा केव्हाच गेलेला. बाई ठाणाकुशनूरलाच एकट्या राहत. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला त्या आमच्याच शाखेत येत, बाकावर बसत, नंबर आला की काउंटरवरच्या ओळख पटवायच्या यंत्रावर अंगठा टेकवत. लॉकरचं भाडं त्यांच्या पेन्शनच्या खात्यातूनच आपोआप कापलं जाई.

"सर, या सापडत नाहीत असं कसं म्हणायचं?" मी विचारलं. "पेन्शन आपल्याकडेच आहे. पत्ता आहे."

"लॉकरच्या अर्जावर कमलनगरचा पत्ता आहे. पत्र तिथेच जाईल."

तो पत्ता बाई नोकरीत असतानाच्या भाड्याच्या खोलीचा होता. पत्र अर्थातच परत आलं. मेल त्यांना नव्हताच. संदेश इंग्रजीत गेला. अनोळखी संदेश उघडू नका, पुसून टाका, हे बँकेनंच पेन्शनरांना सभा घेऊन शिकवलं होतं; त्यांनी तसंच केलं असणार. जाहीर सूचना एका इंग्रजी आणि एका कन्नड पेपरात आली. मी म्हटलं, त्या मराठी वाचतात, एक मराठी पेपरही घेऊ या. व्यवस्थापक हसले.

"कर्नाटकात स्थानिक भाषा कोणती, मॅडम?"

बाईंचा मोबाइल बंद लागत होता. म्हणून रविवारी मी स्वतः जीपनं ठाणाकुशनूरला गेले. घराला कुलूप होतं. शेजारणीनं ओट्यावर बसवून पाणी दिलं.

"बाई उदगीरला गेल्यात भनीकडं. डोळ्याचं आपरेशन झालंय त्यांचं. पंधरा-एक दिसात येतीलच की. कामून, काय झालं?"

बहिणीचा नंबर तिच्याकडे नव्हता. मी एका चिठ्ठीवर शाखेचा फोन लिहून तिच्या हातात दिला आणि सोमवारी व्यवस्थापकांना लेखी टिपण दिलं: ग्राहक हयात आहेत, उपचारासाठी उदगीरला आहेत, लवकरच परततील, तोवर थांबावं.

त्यांनी टिपण वाचलं. "घर बंद होतं ना?"

"हो, पण..."

"म्हणजे सापडल्या नाहीत."

अहवालाच्या तक्त्यात एक रकाना होता, 'प्रलंबित', म्हणजे अजून निकाली न निघालेले लॉकर. बाकीच्या शाखा तिथे आकडे लिहिणार होत्या. आमच्या व्यवस्थापकांना तिथे शून्य हवं होतं. विभागीय कार्यालयात बढतीच्या मुलाखती जवळ आल्या होत्या, आणि हे ते लपवतही नव्हते. लॉकर फोडण्याच्या कागदावर अधिकारी म्हणून सही करायला मी नकार दिला. "ठीक आहे," ते म्हणाले, "रोखपाल अधिकारी करतील. तुम्ही मात्र उभ्या राहा. शिका."

तिमाही संपायच्या आदल्या दिवशी बिदरहून कुलपाचा कारागीर आला. साक्षीदार म्हणून समोरचा हॉटेलवाला आणि झेरॉक्सवाला बोलावले होते. आमचे शिपाईअण्णा दाराशी उभे राहून मोबाइलवर चित्रण करत होते. ड्रिलचा आवाज अख्ख्या शाखेत घुमला आणि काउंटरवरची माणसं माना वळवून आत बघू लागली.

लॉकरमध्ये दागिने नव्हते. व्यवस्थापकांनी एकेक वस्तू दोन बोटांत धरून वर उचलली आणि यादीसाठी मोठ्यानं सांगायला सुरुवात केली.

"लोकरीचा स्वेटर, लहान मुलाचा. लिहा. जुना. किंमत शून्य. चांदीचे वाळे, एक जोड. पाटी, फुटलेली. शून्य." मग त्यांनी एक लहानशी डबी हलवून बघितली. आत काहीतरी खुळखुळलं. झाकण उघडून ते म्हणाले, "दात! बघा, दात ठेवलाय लॉकरमध्ये."

झेरॉक्सवाला हसला. हॉटेलवाल्यानं मान खाली घातली. शिपाईअण्णांनी नजर दुसरीकडे वळवली आणि मोबाइल कलला. "धर नीट," व्यवस्थापक म्हणाले, "चित्र हललं तर पुन्हा सगळं काढावं लागेल." आणि डबी त्यांनी कॅमेऱ्यासमोर दुसऱ्यांदा हलवली.

सगळं पाकिटात घालून सील झालं, तिजोरीत गेलं. संध्याकाळी अहवाल गेला. प्रलंबित: शून्य.

बाई पुढच्याच आठवड्यात आल्या. डोळ्यांवर काळा चष्मा, एका हातात माझी चिठ्ठी, दुसऱ्या हातात लॉकरची किल्ली. मी त्यांना माझ्या टेबलापाशी बसवलं आणि झालं ते सांगितलं. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली.

"फोडलाव?"

"व्हय बाई."

"कुणी कुणी बघितलं?"

मी सांगितलं. त्यांनी प्रत्येकाविषयी विचारलं, हॉटेलवाल्याविषयीही. तो त्यांचा विद्यार्थी होता.

वस्तू ताब्यात देण्याआधी ग्राहकानं यादीशी ताडून सही करायची असते. ते काम मी एकांतात करून दिलं असतं. पण व्यवस्थापकांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं, दार सताड उघडं ठेवलं आणि यादी स्वतः वाचली, तितक्याच मोठ्यानं.

"स्वेटर, लहान मुलाचा. तुमचाच?"

"व्हय."

"पाटी फुटलेली. आधीच फुटलेली होती ना? नंतर बँकेवर यायला नको."

"व्हय. तिनंच फोडली होती."

"दात, एक."

बाईंनी काळा चष्मा काढला. ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून पाणी येत होतं, तो डोळा पदरानं पुसायचा नसतो म्हणून त्या तसंच वाहू देत होत्या. "माझी पोरगी होती साहेब. शाळंत जायच्या आधीच गेली."

"मग एवढी वर्षं उघडायला एकदाही आला नाहीत? आला असता तर हा प्रसंगच आला नसता."

"उघडायचं न्हवतं म्हणूनच तर हितं ठिवलं हुतं," बाई म्हणाल्या. "घरी असतं तर रोज उघडलं असतं."

त्यांनी पावतीवर सही केली. शिक्षिकेची सही, वळणदार, रेघेला धरून. व्यवस्थापकांनी ती तपासली, नमुन्याशी ताडली, आणि करारनाम्याप्रमाणे कुलूप बदलण्याचा खर्च खात्यातून वजा होईल हेही सांगितलं.

बाहेर आल्यावर बाईंनी मला विचारलं, "त्या कागदात काय लिव्हलंय, मराठीत सांगा मला. जसंच्या तसं."

मी सांगितलं. सात वर्षं उघडलं नाही, आणि माणूस सापडत नाही, या दोन्ही गोष्टी एकदम असतील तर. आणि तेव्हाही बँकेला मोकळीक, सक्ती नाही.

"आणि," त्या म्हणाल्या. "उभयान्वयी अव्यय. तिसरीच्या पोराला कळतं."

मी त्यांना तक्रार लिहून दिली. परिच्छेदाचा क्रमांक दिला, पेन्शन खात्यातला पत्ता दिला, हयातीच्या दाखल्याची नोंद दिली. विभागीय कार्यालयाचं उत्तर दीड महिन्यानं इंग्रजीत आलं. बाई ते घेऊन माझ्याकडे आल्या. नेहमीसारखी पेन्सिल घेऊन मी वाचायला बसले. पत्र, संदेश, जाहीर सूचना, साक्षीदार, सगळं विहित पद्धतीनं झालं होतं. सर्व वस्तू यादीप्रमाणे सुस्थितीत परत मिळाल्याचं ग्राहकानं सहीनिशी मान्य केलं होतं, त्यामुळे नुकसान झालेलं नव्हतं. आणि ग्राहक सापडत नव्हत्या याचा पुरावा म्हणून एक वाक्य होतं: शाखेच्या सहायक व्यवस्थापकांनी प्रत्यक्ष भेट दिली असता घर बंद आढळले.

ते माझं टिपण होतं. त्यातलं तेवढंच वाक्य उचललं होतं. उदगीर, ऑपरेशन, पंधरा दिवस, सगळं गळलं होतं.

मी ते वाक्य बाईंना वाचून दाखवलं. न दाखवून चाललं नसतं.

"तुमी आलता म्हणून सांगितलं शेजारणीनं," त्या म्हणाल्या. "बरं केलाव." त्यांचा आवाज अगदी सरळ होता, आणि त्यामुळेच मला मान वर करवेना.

मी म्हटलं, अजून एक जागा आहे. बँकेच्या उत्तरानं समाधान झालं नाही तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे जाता येतं, उत्तर मिळाल्यापासून वर्षाच्या आत. खर्च नाही. मी लिहून देते.

"तिथं काय करतील?"

"बँकेकडून कागद मागवतील. यादी, चित्रण."

"म्हंजे परत कुणीतरी ते बघंल," बाई म्हणाल्या. "डबी हलवलेली."

मी पेन्सिल खाली ठेवली.

"नगं," त्या म्हणाल्या. उत्तराचा कागद त्यांनी घडी करून माझ्याच टेबलावर ठेवला आणि लॉकर बंद करण्याचा अर्ज मागितला. तो मी भरला, त्यांनी सही केली. व्यवस्थापकांची त्या आठवड्यात विभागीय कार्यालयात बढतीवर बदली झाली. निरोपसमारंभात वेळेत पूर्तता करणारी शाखा म्हणून आमचं नाव घेतलं गेलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी बदली कलबुर्गी जिल्ह्यात झाली. तिथेही परिपत्रकं माझ्याच टेबलावर येतात.