स्वभाव जरा तिखट

माझा जन्म शनिवार पेठेतला, त्यामुळे समोरच्या माणसाचा चार शब्दांत निकाल लावण्याची विद्या मला घरबसल्या मिळाली. आमच्याकडे कोणाला ‘बरा आहे’ म्हटलं की त्याचा सत्कार झाला असं समजत. पुढे मी येरवड्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर झालो आणि वर्षाखेरीला टीममधल्या प्रत्येकाच्या कामावर अभिप्राय लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. बाकीचे मॅनेजर त्या फॉर्मांना वैतागत. मी मात्र कटिंग चहा मागवून, बाह्या सरसावून बसायचो. लोकांवर शेरे मारायचे आणि वर त्याचा पगार घ्यायचा, याहून सुखाची नोकरी मला ठाऊक नव्हती.

फॉर्म इंग्रजीत असत. मी इथे मराठीत सांगतोय, पण खवचटपणा मूळचाच आहे.

त्या वर्षी टीम लीडची एक जागा भरायची होती आणि ती आमच्या टेस्टरला मिळायला हवी होती. टेस्टर म्हणजे ग्राहकाकडे जाण्याआधी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून काढणारी मुलगी. आदल्या वर्षीही तिचं नाव पुढे गेलं होतं, पण मी फॉर्मवर लिहिलं होतं, ‘हुशार. स्वभाव जरा तिखट.’ बढतीच्या बैठकीत ‘तिखट लीड नको’ असं ठरलं आणि ती राहिली. या वर्षी मी पुन्हा तेच लिहिलं. गेल्या वर्षीच्या फॉर्मवरून उतरवलं, खरं तर. वेळ वाचला म्हणून मला बरंही वाटलं.

बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी एचआरमधली नवी मुलगी माझ्या टेबलाशी आली. वर्ध्याची होती, बोलायची हळू आणि ऐकायची नको इतकं.

“सर, एक खेळ खेळायचा का?” ती म्हणाली.

तिने माझ्याच दहा अभिप्रायांच्या चिठ्ठ्या केल्या होत्या. नावं कापली होती, इंग्रजीतले ‘ही’ आणि ‘शी’ पेनने खोडले होते. “बाई की पुरुष, ते ओळखायचं.”

मी एकदम फॉर्मात आलो. ‘हसतमुख. वातावरण प्रसन्न ठेवण्यात मोठा वाटा.’ बाई! ‘ठाम. मतापासून हलणं नाही.’ पुरुष! ‘आईच्या मायेने सगळ्यांची विचारपूस.’ हे काय विचारायचं? ‘धडाडी दांडगी.’ पुरुष. ‘स्वभाव जरा तिखट.’ बाई, बाई!

“दहापैकी दहा,” ती म्हणाली.

मी खुर्चीतल्या खुर्चीत गिरकी घेतली आणि बक्षीस काय म्हणून विचारलं.

“काहून देऊ बक्षीस? नाव झाकलं तरी बाई की पुरुष ते कळतंय. पण काम काय केलं, ते एकाही चिठ्ठीत नाही, सर.”

खुर्ची थांबली. मग मला जे हसू फुटलं ते आवरेना. दहाच्या दहा चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या. खरंच, माझ्या टीमने वर्षभर काय केलं याचा त्यात मागमूस नव्हता. तीही हसायला लागली. पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी “काय चाललंय?” म्हणून डोकावलं.

“आता हा ‘ठाम’ घ्या. याने नेमकं काय केलं?”

“ग्राहकाचा फोन मध्येच आपटला आणि कॅन्टीनला निघून गेला.”

“आणि ‘तिखट’ने?”

“तोंडावर बोलते.”

“कोणाच्या? कधी? काय बोलली?”

मी डोकं खाजवलं. बऱ्याच वेळाने एक प्रसंग हाती लागला. एका पॅथॉलॉजी लॅबचं सॉफ्टवेअर होतं. ग्राहकासोबतच्या कॉलवर ती सरळ म्हणाली होती, “आज हे देता येणार नाही.” कारण एका रुग्णाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर छापला जात होता.

“म्हणजे बरोबरच होती की!”

“हो, पण मला आधी सांगायचं ना? मी तिथे ठोंब्यासारखा बसलो होतो.”

“हे मात्र वागणं झालं. लिहा.”

मी झोकात लिहिलं, ‘ग्राहकासमोर काम रोखलं, मॅनेजरला पूर्वसूचना दिली नाही.’ प्रसंग होता, वागणं होतं, स्वभावाचा उल्लेख नव्हता. बाईच्या जागी पुरुष घातला तरी वाक्य तसंच उभं राहत होतं. मी स्वतःवर बेहद्द खूश झालो.

“छान,” ती म्हणाली. “असं लिहिलं की खरं-खोटं तपासता येतं. तपासा.”

मी ऐटीत मेलबॉक्स उघडला आणि कॉलच्या आदल्या दिवसापर्यंत गेलो. दुपारी तिचा मेल आलेला होता. विषय, ‘उद्याच्या कामाबद्दल थोडंसं’. अक्षरं अजून ठळक होती, म्हणजे मेल मी उघडलाच नव्हता. आत त्या चुकलेल्या रिपोर्टांची चित्रं होती आणि खाली लिहिलं होतं, ‘आपण सांगाल तसं करू.’

“आणि गेल्या वर्षीचं तिखट कशावरून होतं, सर?”

मला काहीच आठवेना. एकही प्रसंग नाही. हसू कुठल्या कुठे गेलं. लाज वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत. मी एका मुलीचं आख्खं वर्ष दोन शब्दांत खाल्लं होतं.

मग मात्र आम्ही कंबर कसली. मी दिवसभर मजल्यावर हिंडत ज्याला त्याला “तू वर्षभर काय केलंस रे?” विचारत होतो आणि लोक घाबरून कामाला लागत होते. ‘हसतमुख’ बाईने नव्या दोघांसाठी कामाची टिपणं तयार केली होती, त्यामुळे ते पहिल्याच आठवड्यात रुळले. ‘आईच्या माये’ने एक सहकारी आजारी असताना त्याचं काम वाटून घेऊन वेळेत पुरं केलं होतं. ‘ठाम’ महाशयांचा आपटलेला फोनही आपटल्यासारखाच लिहिला. टेस्टरच्या फॉर्मवर मी हळूच घुसडलं, ‘मेलला उत्तर न आल्यास फोन करावा.’ एचआरने नुसत्या भुवया उंचावल्या. मी निमूटपणे खोडलं.

दुसऱ्या दिवशी बैठकीत साहेबांनी फॉर्म वाचला. “हे सगळं ठीक आहे हो. पण स्वभाव? गेल्या वर्षी तुम्हीच तिखट म्हणाला होतात.”

“साहेब, स्वभावाचं मला सांगता येणार नाही. चूक कधी सापडली आणि मला कधी कळवली, ते या मेलमध्ये आहे. वाचला नाही तो मी.”

मेलची प्रत टेबलावर फिरली. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “मग बढती तिला द्यायची आणि शेरा तुम्हाला, असंच ना?” सगळे खो खो हसले. सगळ्यात मोठ्याने मी.

संध्याकाळी टेस्टरला बोलावून फॉर्म दिला. तिने तो दोनदा वाचला. मग मी मेलबद्दल माफी मागितली आणि वर शहाणपणाही केला, “पण अगं, विषयात ‘तातडीचं’ लिहायचं नाही का? लगेच उघडला असता.”

“लिहिलं होतं, सर,” ती म्हणाली. “पाठवताना काढलं. म्हटलं, तिखट वाटेल.”