व्हर्सेसच्या दोन्ही बाजूंना

पारमिता कांबळेची आई अंजना निपाणीत विड्या वळायची. त्या घरातली पोर बेळगावात टिळकवाडीच्या ऑफिसात खुर्चीवर बसून काम करते, याचं सगळ्या गल्लीला कौतुक होतं. पण ती नेमकं काय करते, हे आईला समजावून सांगणं तिला काही केल्या जमत नसे. "शाळांसाठी एक सॉफ्टवेअर हाय, हजेरीघर म्हणून. लोकांनी गूगलवर शोधलं की आमचं पान दिसावं, तसं मी लिहिते," असं ती सांगे. आई म्हणे, "म्हंजे पाट्या रंगवतीस." ते तसं खोटं नव्हतं.

हे काम करण्याची हिंमत तिला दिली होती नागेंद्र सरांनी. निपाणीत त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. तास सुटल्यावरही ते पारमिताला मशीनवर बसू देत आणि कुलूप हातात घेऊन दारात थांबत. पुढे क्लास बंद करून ते संकेश्वरला आपल्या घरी गेले. तिथं त्यांनी एकट्यानं शाळांच्या हजेरीचं सॉफ्टवेअर बनवलं, वर्गमित्र नावाचं. शाळांचे फोन त्यांची बायको भाग्यलक्ष्मी घ्यायची. खानापूरपासून चिक्कोडीपर्यंत तीसेक शाळा ते वापरत होत्या.

लोक काय शोधत आपल्या साइटवर पोचतात, ती यादी पारमिता दर सोमवारी बघे. जानेवारीत त्या यादीत नवीन ओळ आली: वर्गमित्र व्हर्सेस हजेरीघर, म्हणजे दोन्हींत बरं कोणतं. पुढच्या सोमवारी तीच ओळ जास्त वेळा आली. आता सरांच्या विरुद्ध पान लिहावं लागणार होतं. मग तिनं ठरवलं, विरुद्ध नको, सरळ लिहू.

शीर्षकासाठी तिनं सकाळ घालवली. लोक टाइप करतात तीच दोन नावं, मध्ये तोच 'व्हर्सेस', आणि मोबाईलवर शेपूट तुटू नये इतकी लांबी. 'सर्वोत्तम' नाही, 'नंबर एक' नाही. शेवटी लिहिलं: "वर्गमित्र व्हर्सेस हजेरीघर: कोणत्या शाळेला काय सोयीचं?" खाली पहिलंच वाक्य होतं, हे पान हजेरीघर बनवणाऱ्यांनी लिहिलंय हे ध्यानात ठेवून वाचा. मग फरक. नेट नसलेल्या गावात वर्गमित्र बरं, ते नेटशिवाय चालतं आणि नेट मिळेल तेव्हा हजेरी सर्व्हरवर चढवतं. पालकांच्या मोबाईलवर रोजची हजेरी जायला हवी असेल, तर हजेरीघर.

मालक किशनअण्णांनी वाचलं आणि मान वर केली. "आपल्या दुकानात बसून समोरच्याच्या मालाची तारीफ करायलीस व्हय?"

"अण्णा, व्हर्सेस टाकून शोधणाऱ्याला दोन्ही नावं आधीच ठाऊक असत्यात. त्येला जाहिरात नको असती, फरक पाहिजे असतो. खोटं दिसलं तर दुसऱ्या मिनिटाला जातोय."

"डिसेंबरात त्येंचा सर्व्हर दोन दिवस बसलाता. तसं लिही. 'वर्गमित्र बंद पडलं?' असं."

"दोन दिवसांनी सुरू झालंय की ते. चालू असलेल्याला बंद कसं म्हणायचं?"

"बंद म्हंतोय कुठं? पुढं प्रश्नचिन्ह हाय न्हवं."

तासभर वाद झाला. शेवटी अण्णांनी तोड काढली. गूगलच्या निकालात दिसणारं शीर्षक तिचं, पान उघडल्यावरचा मोठा मथळा त्यांचा. पारमितानं सांगून बघितलं, की गूगल आपण दिलेलं शीर्षक दरवेळी तसंच दाखवत नाही, कधीकधी पानावरचा मथळाच उचलतं. "कधीकधी न्हवं? मग बघू," म्हणून अण्णा उठले. तिनं मान हलवली आणि पान चढवलं. ती मान हलवणं तिला पुढं कितीतरी दिवस आठवत राहिलं.

तीन आठवड्यांनी एका बुधवारी सरांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, तेच तिला जड गेलं.

"पारमिता, खानापूरच्या शाळेच्या राजेश्वरी मॅडम इचारत हुत्या, तुमचं बंद झालं म्हणे. गूगलवर बघितलं म्हणाल्या. ती शीर्षकं तूच लिहितीस न्हवं गं?"

तिनं घाईघाईनं मोबाईलवर शोधलं. निकालात निळ्या अक्षरांत होतं: "वर्गमित्र बंद पडलं?" तिची ओळ कुठंच नव्हती.

"सर, शीर्षक मी दुसरं दिलंय. पण गूगल ते दाखवत न्हाय, वरचा मथळा दाखवतंय." बोलता बोलता तिला स्वतःलाच ती सबब वाटली. "मी बदलते. आजच बदलते."

"बदल बाई. आमचं ठेवायचं का न्हाय, त्याची त्येंची मीटिंग हाय पुढच्या आठवड्यात."

अण्णांनी त्या दिवशी ऐकलं नाही. त्या पानावरून नव्या शाळांचे फोन येत होते. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विषय काढला, तेव्हा ते वैतागून म्हणाले, "कर काय करायचं ते." तिनं मथळा बदलला. मुख्य पानावरून तिकडे जाणाऱ्या लिंकवर तेच शब्द होते, तेही बदलले. पान पुन्हा तपासा, अशी विनंती गूगलला पाठवली. त्यापुढं तिच्या हातात काही नव्हतं. विनंती केली म्हणून गूगल लगेच येतंच असं नाही, ते त्याच्या सवडीनं येतं.

रोज सकाळी ती आधी मोबाईल बघे. पान उघडलं की नवा मथळा, शोधलं की जुनाच. सहा दिवस झाले, सात झाले. आठव्या दिवशी राजेश्वरी मॅडमच्या शाळेची मीटिंग झाली. शाळेनं वर्गमित्र सोडलं आणि घेतलं ते हजेरीघरच. अण्णांनी गोड म्हणून ऑफिसात कुंदा वाटला. पारमितानं द्रोण हातात घेतला. सगळे बघत होते म्हणून खाल्लाही.

अकराव्या दिवशी निकालात तिचं शीर्षक जसंच्या तसं दिसलं. तिनं त्याचा फोटो सरांना पाठवला. खाली निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही, फोनही त्यांनी उचलला नाही.

मे महिन्यात भाग्यलक्ष्मीचा फोन आला. "आक्का, जूनपास्नं आमी बंद करायलोय. ह्यांस्नी संकेश्वरातच शाळेत नोकरी लागलीया. खानापूर गेलं, मग त्येंच्या ओळखीच्या आनखी चार शाळा गेल्या. एकट्या माणसाला झेपंना झालतं तसंबी. तुझ्यामुळंच असं न्हाय म्हनत मी." एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

आता ते पान खोटं ठरणार होतं. एक बाजू राहणारच नसेल, तर व्हर्सेस कसलं? लोकांचा शोधही बदलला होता, ते 'वर्गमित्रला पर्याय' असं टाकू लागले होते. अण्णा तिच्या टेबलाशी आले. "आता तरी बंद पडलं लिहायला हरकत न्हाय न्हवं?" त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती, ते खरंच विचारत होते. हरकत नव्हतीच.

तिनं सरांना फोन लावला. यावेळी त्यांनी उचलला.

"सर, पान नवीन करायचंय. तुमच्याबद्दल काय लिहू?"

"खरं हाय ते लिही. वर्गमित्र जूनपासून बंद." ते जरा थांबले. "जुनी हजेरी फाईलमधी कशी काढून घ्यायची, ते सगळ्यात वर लिही. शाळांचे हाल व्हायला नकोत. पर्याय म्हणून तुमचं एकटंच नाव घालू नको, नेटशिवाय चालणारी आनखी दोन हायत, तीबी घाल."

"अण्णा घालू देतील का म्हाईत न्हाय, सर."

"व्हय, ते हायच," सर म्हणाले. "बघ जमलं तर."

पलीकडं शाळेत सुट्टीतल्या जादा वर्गाची घंटा झाली आणि तासाला जायचंय म्हणून सरांनी फोन ठेवला. पारमितानं शीर्षकाच्या जागी लिहिलं, "वर्गमित्र जूनपासून बंद: जुनी हजेरी कशी काढाल, पर्याय कोणते?" त्या दोन सॉफ्टवेअरची नावं तिनं खाली घातली आणि पान मंजुरीसाठी अण्णांकडे पाठवलं. परत आलं तेव्हा दोन्ही नावं काढलेली होती.