यंत्राला सांगितलेले आकडे

आई शाळेत गेलेली नाही. आकडे मात्र तिला ओळखता येतात. एसटीच्या पाट्या, बाजारातले भाव आणि माझ्या परीक्षेचे बैठक क्रमांक पाहून पाहून ते तिने आपलेसे केले. एटीएमचा पिन तिला मी शिकवला. कसा शिकवला, ते आधी सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ तिथेच आहे.

वडील पाचोऱ्याच्या एका शाळेत शिपाई होते. ते गेल्यावर आईला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं. पहिली काही वर्षं ते पैसे काका काढून आणत. आई स्लिपवर अंगठा द्यायची आणि काकांबरोबर बँकेत जाऊन बाकावर बसायची. काका अप्रामाणिक नव्हते, हे मी मोकळेपणाने सांगते. एक रुपयाही त्यांनी कधी इकडचा तिकडे केला नाही. पण पैसे हातात ठेवताना ते विचारायचे, कशाला लागतात? तेल इतकं कसं संपलं? पोरीला पुन्हा फी कसली? आई खाली मान घालून हिशेब द्यायची. पैसे तिचेच असायचे, तरी मागितल्यासारखे घ्यायची.

मी शेवटच्या वर्षाला असताना तिच्या नावाचं कार्ड आलं. अंगणात खडूने मी एटीएमची बटणं काढली, तीन-तीनच्या ओळी आणि खाली शून्य. आमच्या शाळेत गुरुजी पाढे मोठ्याने म्हणून घ्यायचे. तोंडाने म्हटलं की हाताला वळण लागतं, असं त्यांचं सांगणं. मीही आईला तसंच शिकवलं. चार आकडे मोठ्याने म्हणायचे आणि म्हणता म्हणता बोट टेकवायचं. भाकरी थापताना, भांडी घासताना ती ते म्हणायची. आठ दिवसांत पक्के झाले. पिन कोणालाही सांगायचा नाही, हे मी दहादा बजावलं होतं. तिने तो खरंच कोणाला सांगितला नाही, काकांनासुद्धा नाही.

स्वतःच्या हाताने काढलेल्या पहिल्या पैशांतून तिने माझ्या परीक्षेचा फॉर्म भरला. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. निकाल लागला त्या दिवशी माझ्या डोळ्यांपुढे ते खडूने काढलेले चौकोन आले होते.

आता मी धुळ्याला एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. आई पाचोऱ्यालाच असते. तिच्या खात्याला माझा मोबाइल नंबर जोडलेला आहे, त्यामुळे बँकेचे मेसेज माझ्याकडे येतात. दर महिन्याला ती तीन हजार काढते आणि मला मेसेज येतो. तो मेसेज म्हणजे, आई बाजारात गेली, तब्येत बरी आहे, अशी खूणच असायची.

त्या दिवशी दुपारी मेसेज आला तो दहा हजारांचा. फोन ड्रॉवरमध्ये, आवाज बंद करून ठेवलेला. मी तो पाहिला तोवर दुसराही येऊन पडला होता, पुन्हा दहा हजारांचा. मला वाटलं, पत्र्यांचं काम काढलं असेल. घरावर नवे पत्रे टाकायचे म्हणून ती वर्षभर शिल्लक टाकत होती. मी फोन लावला.

"पैसा तं निंघनातच नही," आई म्हणाली. "यंत्रमां खडखडाट शे. उद्या येवा म्हणे."

कोण म्हणे, असं मी विचारलं. मागे उभा असलेला एक भला माणूस, ती म्हणाली.

आधी मी बँकेच्या हेल्पलाइनवरून कार्ड बंद केलं. आलेला तक्रार क्रमांक वहीच्या मागच्या पानावर लिहिला. मग सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेले असते तर वाटेत अडवता आले असते, पण रोख काढलेले पैसे तसे अडवता येत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. बाकीची शिल्लक वाचली होती. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी पारोळ्यावरून जाणारी गाडी पकडली.

घरी पोचले तर काका आधीच येऊन बसले होते. आई चुलीपाशी, पदर डोक्यावरून पुढे ओढून. तिने सगळं सांगितलं. स्क्रीनवरची भाषा निवडण्यात तिला उशीर झाला आणि व्यवहार आपोआप रद्द झाला. मागे उभा असलेला माणूस पुढे आला. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. "मावशी, कार्डाला धूळ लागलीय," म्हणत त्याने ते घेतलं, शर्टावर पुसलं आणि स्वतः मशीनमध्ये घातलं. "टाका आता तुमचा पिन," म्हणाला आणि सभ्यपणे दुसरीकडे पाहत राहिला. आईने पिन टाकला. त्याने मग कसलं तरी बटण दाबलं, कार्ड काढलं, तिच्या हातात दिलं आणि मशीनमधले पैसे संपलेत म्हणाला. जाताना आईने पिशवीतली दोन केळी त्याला दिली.

"त्यानी पाह्यं नही," आई पुन्हा पुन्हा म्हणत होती. "तोंड फिरवेल व्हतं त्यानं."

मी विचारलं, "तू आकडे म्हटलेस का?"

तिने मान डोलावली. मग हळूच म्हणाली, "मी कोणले सांगं नही, बेटा. मी तं यंत्रले सांगं."

तो बघत नव्हता, कारण त्याला बघायची गरजच नव्हती. तो ऐकत होता.

आईच्या बटव्यातलं कार्ड मी हातात घेतलं. त्याच बँकेचं, त्याच रंगाचं, पण त्यावरचं नाव दुसऱ्याच बाईचं होतं. ती इंग्रजी अक्षरं आईला वाचता येत नव्हती. कार्ड परत मिळालं एवढंच तिने पाहिलं होतं.

काकांना बोलायला जागा मिळाली. "वहिनी, सांगेल व्हतं ना मी? हाई बायास्नं काम नही. नवं कार्ड येई ते मनाजोडे ऱ्हाऊ द्या."

नवं कार्ड त्यांना स्वतःजवळ ठेवायचं होतं. आईने पदर आणखी पुढे ओढला. तिच्या गप्प राहण्याची मला भीती वाटली. वीस हजारांपेक्षाही मला जास्त धास्ती याची होती, की आता ती पुन्हा बँकेतल्या बाकावर जाऊन बसेल. पुन्हा तेलाचा हिशेब देईल. आणि ते माझ्या शिकवण्यामुळे.

रात्री मी तिला म्हटलं, चूक माझी आहे, मीच मोठ्याने म्हणायला शिकवलं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तू शिकाडं म्हणीसन तं शिकनू," एवढंच म्हणाली आणि झोपली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बँकेत गेलो. साहेबांनी लेखी तक्रार घेतली, पोच दिली. त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. पिन बरोबर टाकला गेला आहे आणि बँकेला कळवण्याआधी पैसे निघाले आहेत, त्यामुळे परत मिळणं अवघड आहे. कळवल्यानंतर काही गेलं असतं तर ती जबाबदारी बँकेची होती. कॅमेऱ्याचं चित्रण पोलिसांनी मागितलं की देऊ, असंही ते म्हणाले.

आईचं लक्ष त्यांच्या बोलण्यात नव्हतं. ती टेबलावरच्या त्या दुसऱ्या कार्डाकडे पाहत होती. "हाई बाई कुठली शे?" तिने विचारलं.

साहेब म्हणाले, ते सांगता येत नाही. मग त्यांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि जरा थांबून म्हणाले, "आजी, काळजी करू नका. हे कार्ड आधीच बंद केलेलं आहे. त्या बाईंना कळलेलं आहे."

"तिन्हाबी पैसा ग्यात?"

साहेबांनी ते कार्ड टेबलावर उलटं करून ठेवलं. आईला ते पुरलं. ती माझ्याकडे वळली. "मंग मन्हं कार्ड आते आखो एखादीना हातमां जाई."

हे मला सुचलंच नव्हतं. तो माणूस आईचं कार्ड फेकणार नव्हता. कुठल्या तरी दुसऱ्या गावी, दुसऱ्या मशीनपाशी, तो ते पुसून कोणा मावशीच्या हातात ठेवणार होता. आईचं नाव असं चोरीच्या कामाला लागणार, हे तिला पैशांपेक्षा जास्त जिव्हारी लागलं. पोलीस ठाण्यात अर्ज देताना आणि ते कार्ड जमा करताना तिने हवालदारांना हेच दोनदा सांगितलं, आणि त्यांनी ते अर्जात लिहूनही घेतलं.

संध्याकाळी काका आले. नव्या कार्डाचा अर्ज केला का, असं त्यांनी विचारलं. आईने त्यांना आधी चहा दिला. मग म्हणाली, "भाऊ, तुमना राग नही माले. पन कार्ड तुमना खिसामां गयं, मंग मनाजोडे काय ऱ्हाई?"

काका चहा पीत राहिले. जाताना म्हणाले, तोंड बंद ठेवायला शिका मग. टोमणाच होता तो, पण आईने तो मनावर घेतला.

नवं कार्ड आलं तेव्हा मी रजा काढून आले आणि पुन्हा अंगणात चौकोन काढले. कार्डावरच्या नावातली इंग्रजी अक्षरं तिला गिरवायला लावली, म्हणजे परत हातात आलेलं कार्ड आपलंच आहे का हे तिला पाहता येईल. पिन नवा. पण म्हटल्याशिवाय तिचं बोट हलेना. ओठ मिटून पाहिले, तर पुटपुटणं सुरू. चार दिवसांनी तिचा तिनेच उपाय काढला. देव्हाऱ्यातली अख्खी सुपारी तिने दातांत धरली आणि बोटांनी चारही चौकोन नीट दाबले. मी हसले. तिलाही हसू आलं आणि सुपारी अंगणात घरंगळत गेली.

पहिल्यांदा पैसे काढायला गेली तेव्हा मी सोबत होते, पण तिने मला दाराबाहेर थांबवलं. काचेतून मला तिची पाठ दिसत होती आणि बटणांवर छत्रीसारखा धरलेला पदर. पैसे निघाले. तिने कार्ड डोळ्यांजवळ धरून नाव पाहिलं आणि बटव्यात ठेवलं.

मागे तिच्याच वयाची एक बाई उभी होती, हातात कार्ड घेऊन. "अक्का, तुले जमस का? जरासं काढी दे ना माले," असं म्हणत तिने कार्ड आईपुढे धरलं.

आईने दोन्ही हात पाठीमागे नेले. सुपारी गालात सरकवली. "माले देऊ नको. कोणलेच देऊ नको. बँक उघडी शे, चाल, मी येस तुनासंगे."

मग त्या बाईला घेऊन ती शेजारच्या शाखेत शिरली. काउंटरवरच्या मुलीशी बोलली, आणि त्या बाईचं काम होईपर्यंत बाकावर बसून राहिली. मीही जाऊन तिच्या शेजारी बसले. हा तोच बाक होता, पण त्या दिवशी ती तिथे दुसऱ्या कोणासाठी तरी बसली होती.

पैसे परत आले नाहीत. पत्रे पुढच्या वर्षी टाकू, असं ती म्हणते. दर महिन्याला मला मेसेज येतो, तीन हजारांचा.