बदलीचा माळी

दिवाळीआधी वारलेल्या माळ्याला मी मार्चमध्ये बदली कामगार म्हणून लिहून दिलं.

लबाडी नव्हती, आळस होता. गारखेड्यातल्या एका सोसायटीची बाग आणि जिने वर्षभर सांभाळायचं काम माझ्याकडं. दर मार्चला प्रस्तावाचं पत्र द्यायचं: रोजचा माळी एक, झाडलोटीला बाई एक, शेणखत, पाइप, खराटे, फिनाइल आमचं, पाणी सोसायटीचं, कुणी रजेवर गेलं तर त्याच दिवशी बदली माणूस, म्हणजे वयामुळं रोजचं काम सोडलेला आमचा जुना माळी. मी जुन्या पत्रातलं साल तेवढं बदललं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन चहा प्यालो.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून कमिटी बसली. सेक्रेटरी मोठ्यानं वाचू लागले, "बदली कामगार: या बागेत बारा वर्षं राबलेले आपले जुने माळी..." आणि थांबले. म्हाताऱ्याच्या मयतीला हीच कमिटी आली होती. झाडलोटीची बाई, म्हणजे त्याची बायको, जिन्याच्या पायरीवर खराटा धरून उभी होती.

"काय हो, वरून बोलावता का त्याला?" खजिनदार म्हणाले. कुणी हसलं नाही.

सेक्रेटरींनी गेटचं रजिस्टर उघडलं. "दिवाळीपासून रोजचा माळी नऊ दिवस गैरहजर. बदलीची एकही सही नाही. माणूसच नसेल तर यंदाचं काम दुसऱ्याला देऊ."

ते नऊ दिवस मला पाठ होते. दरवेळी माफी मागायच्या तयारीनं सकाळी जायचो, तर झाडांची आळी ओली. जास्वंदीखालची वाळकी पानं वेचलेली. पाइप गुंडाळून सुतळीनं बांधलेला, म्हाताऱ्याचीच दुहेरी गाठ मारून. ती गाठ रोजच्या नव्या माळ्याला कधी जमली नाही. अंगावर काटा यायचा. पण विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं, म्हणून विचारलं नाही. थोडक्यात, मी भुताच्या भरवशावर धंदा करत होतो, आणि भूत रजा मागत नाही म्हणून निर्धास्त होतो.

"बाग सुकली का पण?" मला एवढंच सुचलं.

"नाही. तेच तर." सेक्रेटरींचा आवाज उतरला. "पाणी कोण घालत होतं?"

सगळे नळाकडं बघायला लागले. पाइपला ती गाठ होतीच.

"मी," बाई म्हणाली. "जिने झाडायच्या आधी. त्यायनी लावलेली झाडं हायेत, वाळू देऊ का?"

"अन् ती गाठ?" मी विचारलं.

"हात आपोआप त्यायच्यावाणीच फिरतो."

मग सेक्रेटरींनी पत्र माझ्यापुढं सरकवलं. "बदलीला यांना लिहा, त्या दिवसाची मजुरी वेगळी. मग काम तुमचं."

मी घाईघाईनं म्हाताऱ्याची ओळ खोडली. बाईनं खराटा भिंतीला टेकवला.

"आता लिहिता व्हय? मेलेला माणूस कामाला लावला, अन् जिती बाई रोज समोर, ती दिसली नाय. लई येडं माणूस, साहेब तुम्ही."