दोन्ही चालतील

शिवराजला नाही म्हणता येत नाही, ही गोष्ट तो देगलूरहून हैदराबादला आल्यावर शहराच्या लगेच लक्षात आली. त्याच्याकडे तीन सिमकार्डं आहेत. ज्या व्यायामशाळेत तो कधी गेला नाही, तिचं वर्षाचं सभासदत्व आहे. हॉटेलात वेटर म्हणाला, "आज दही-भात बहुत अच्छा है," तर हा इडली खायला गेलेला माणूस दही-भात खाऊन, वर "हौ, अच्छा था" म्हणून येतो. गावाकडे अशा स्वभावाला गुणाचं पोर म्हणतात. सॉफ्टवेअरच्या धंद्यात त्याला काय म्हणतात ते त्याला अजून कळायचं होतं.

नोकरी हिमायतनगरात, मिठाईच्या दुकानावरच्या मजल्यावर. कंपनी लहान. गौलीगुड्यातल्या पार्सल बुकिंगवाल्यांसाठी ती एक सॉफ्टवेअर बनवत होती: माल कधी आला, कुठल्या गाडीत चढला, कुणी सोडवून नेला. ही नोकरी शिवराजला मंदारदादामुळे लागली. मंदारदादा मूळचा पुण्याचा, कंपनीतला सगळ्यात जुना डेव्हलपर. तारनाक्याला त्याच्या घरावरच्या गच्चीतली खोली शिवराजला राहायला दिलेली. सकाळी दोघं एकाच स्कूटरवर ऑफिसला यायचे. मंदारदादा पुढे बसून बोलायचा, शिवराज मागे बसून "बरोबर आहे" म्हणायचा.

त्या वर्षी ऑफिसात कोड लिहून देणारं टूल आलं. त्याला सांगायचं, अमुक स्क्रीन हवी, की ते फाइली तयार करून द्यायचं. काम भराभर होऊ लागलं, आणि भराभर बिघडूही लागलं. टूलला कालचं आज आठवत नसे. दर वेळी ते नव्या जावयासारखं घरात शिरायचं आणि वाटेल तिथे चप्पल काढायचं. मालाच्या पावतीला गौलीगुड्यात सगळे बिल्टी म्हणतात. टूलने तिला एका स्क्रीनमध्ये 'शिपमेंट' म्हटलं, दुसरीत 'कन्साइनमेंट', तिसरीत 'पार्सल रिसीट', आणि तिघींना तीन वेगळे फोल्डर काढून दिले. एका साध्या बटणासाठी त्याने एक अख्खी नवी लायब्ररी ओढून आणली, म्हणजे बाहेरच्या कुणीतरी लिहिलेला तयार कोड.

टीमच्या प्रमुख वंदना मॅडमनी शिवराजला बोलावलं.

"प्रोजेक्टच्या मुळाशी एक नियमांची फाइल ठेवायची. टूल प्रत्येक वेळी काम सुरू करण्याआधी ती वाचतं. फोल्डर कसे, नावं कशी, कुठल्या लायब्रऱ्या चालतील, लिहिण्याची पद्धत काय. ही फाइल तू लिही."

"हो मॅडम."

"तुझे प्रोबेशनचे सहा महिने या महिन्यात संपतायत ना? कायम करायचं की नाही ते मी या फाइलीवरून ठरवीन."

"हो मॅडम," शिवराज म्हणाला. दुसरं काही म्हणायची सोय त्याच्याकडे नव्हतीच.

सुरुवात त्याने झकास केली. पहिल्या मसुद्यात 'कोड स्वच्छ आणि सुंदर असावा' असं वाक्य होतं. ते त्याने टूलवर चालवून पाहिलं, तर टूल पूर्वीइतकंच स्वच्छ आणि पूर्वीइतकंच सुंदर लिहीत राहिलं. मग त्याने तपासता येईल असंच लिहायचं ठरवलं. प्रत्येक स्क्रीन आपापल्या फोल्डरमध्ये, तिची चाचणी घेणारी फाइल तिच्याच शेजारी. पावतीला कोडमध्ये सगळीकडे 'बिल्टी', दुसरा शब्द नको. नवी लायब्ररी हवी असेल तर आधी विचार, परस्पर बसवू नकोस. ओळी किती आत घ्यायच्या, स्वल्पविराम कुठे, हे फाइलीत घातलंच नाही. ते काम फॉरमॅटर नावाचा वेगळा प्रोग्राम आपोआप करत होता. इथवर फाइल पानभर होती, आणि मान ताठ ठेवून कुणालाही दाखवण्यासारखी होती.

इथे तो थांबला असता तर ही गोष्ट लिहायची गरज पडली नसती. पण कुणाचं मन दुखायला नको म्हणून त्याने फाइल सगळ्यांना दाखवली.

अडलं ते तारखांवर. मंदारदादाने बऱ्याच वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने तारखांची एक लायब्ररी लिहिली होती. तिचं नाव 'तारीख'. कंपनीच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ती सगळीकडे होती. शिवराजच्या शेजारी बसणारी रेणू इथेच काचीगुड्यात वाढलेली. तिला बाहेरची, सगळं जग वापरतं ती लायब्ररी हवी होती.

"दादाचं ते नक्को रे," ती म्हणाली. "म्युझियममध्ये ठेव. तिकीट लावू."

"तारीखने इतक्या वर्षांत एक चूक केलेली दाखव," मंदारदादा खुर्ची न वळवता म्हणाला. "शिवा, तुझं मत काय?"

शिवराजने रेणूकडे पाहिलं. मग दादाच्या पाठीकडे पाहिलं. त्या पाठीमागे त्याला संध्याकाळी बसून तारनाक्याला जायचं होतं. त्याने फाइलीत लिहिलं: तारखांसाठी 'तारीख' किंवा नवी लायब्ररी, दोन्ही चालतील.

दोघंही खूश झाले. शिवराजला वाटलं, आपल्याला हे काम जमतंय.

टूलला मात्र 'दोन्ही चालतील' हे वाक्य अक्षरशः चाललं. बुकिंगची स्क्रीन करताना त्याने 'तारीख' घेतली, माल सोडवण्याची स्क्रीन करताना नवी. चाचणीसाठी सॉफ्टवेअर गौलीगुड्यातल्या गफूरभाईंच्या बुकिंग ऑफिसात लावलं. मंगळवारी सकाळी गफूरभाईंचा फोन वंदना मॅडमना आला. मॅडमनी तो स्पीकरवर टाकला.

"मॅडम, तुमारा सॉफ्टवेअर बोलरा की मैं इतवार को बुकिंग करा."

"मग?"

"इतवार को मेरा शटर बंद रहता. मैं घर में सोता. ये बिल्ट्यां कल, पीर के दिन की हैं. इतवार को मेरे ऑफिस में कौन बैठा था, वो आप पूछ के बताओ. मेरे कू भी पहचान करना है उससे."

कोड उघडल्यावर कारण दिसलं. बुकिंगच्या खान्यात सोमवार निवडला की आत सोमवारची मध्यरात्र धरली जायची. 'तारीख' ती जागतिक वेळेत लिहायची. आपली मध्यरात्र म्हणजे जागतिक वेळेत आदल्या दिवशीची संध्याकाळ, साडेसहा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तारीख आणि वेळ दोन्ही साठवत, दाखवताना परत आपल्या वेळेत आणत, त्यामुळे इतकी वर्षं खरोखरच चूक झाली नव्हती. नव्यात फक्त तारीख साठवायची होती; टूलने वेळ कापून टाकली, आणि रविवार उरला.

मॅडमनी नियमांची फाइल उघडली. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"'दोन्ही चालतील' कुणी लिहिलं?"

"मी."

"का?"

"दोघांनाही वाईट वाटू नये म्हणून."

"टूलला वाटतं का वाईट?"

"नाही मॅडम."

"मग त्याच्यासाठी लिही. शुक्रवारपर्यंत. आणि बदलाला मंजुरी मंदारची घ्यायची, जुन्या कोडची जबाबदारी त्याच्याकडे आहे."

त्या संध्याकाळी स्कूटरवर "बरोबर आहे" म्हणायला काहीच मिळेना म्हणून शिवराजने हेल्मेटचा पट्टा घट्ट केला, मग सैल केला. विद्यापीठाच्या रस्त्याला लागल्यावर दादा म्हणाला, "तुझ्या मॅडमना सांग, चूक तारीखची नाही. टूलने वेळ कापली."

"बरोबर आहे," शिवराज म्हणाला. आणि ते खरंच बरोबर होतं, हीच पंचाईत होती.

बुधवारी त्याने एक पळवाट काढून पाहिली. फाइलीत लिहिलं की फक्त तारीख साठवायची असेल तर नवी लायब्ररी, तारीख आणि वेळ दोन्ही हव्या तर 'तारीख'. सगळे सुखी. टूलला नवं काम देऊन त्याने माल परत पाठवण्याची स्क्रीन करवून घेतली. टूलने नियम वाचला, मग शेजारची बुकिंगची फाइल पाहिली, तिच्यात 'तारीख' दिसली, आणि तिचाच कित्ता गिरवला. परत पाठवलेला माल पुन्हा आदल्या दिवशी निघाला.

म्हणजे फाइलीत लिहून पुरत नव्हतं. आधीचा कोडही तसाच वागायला हवा होता. शिवराजने दोन दिवस बसून नव्या सॉफ्टवेअरमधल्या सगळ्या स्क्रीनमधून 'तारीख' काढली. कुणी ती पुन्हा आणली तर तपासणीतच अडेल अशी सोय केली, कारण टूल फाइल बहुतेक वेळा पाळतं, नेहमी पाळेलच असं नाही. मग नियमाची ओळ लिहायला घेतली. तिला त्याला उरलेल्या सगळ्या फाइलीपेक्षा जास्त वेळ लागला.

तारखांसाठी फक्त नवी लायब्ररी. 'तारीख' वापरायची नाही.

खाली त्याने कारण लिहिलं. जागतिक वेळ, मध्यरात्र, जुनी साठवण्याची पद्धत, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये 'तारीख' कशी योग्य होती, आठ वर्षांपूर्वी ती कुणी आणि किती कष्टाने लिहिली. रेणूने वाचलं.

"हे नियम आहेत की निरोप समारंभाचं भाषण?" ती म्हणाली. "हार कुठाय?"

त्याने भाषण फाइलीतून काढलं, मंजुरीसाठीच्या टिपणात टाकलं, आणि बदल मंदारदादाकडे पाठवला. मग पाणी प्यायला उठला, आणि गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायला.

परत आला तेव्हा दादा शिवराजच्याच खुर्चीत बसला होता.

"हे टूलला सांगतोयस की मला?"

जुना शिवराज म्हणाला असता, मॅडमनी लिहायला लावलं. ते वाक्य त्याच्या तोंडापर्यंत आलंही.

"दोघांना," तो म्हणाला. "या प्रोजेक्टमध्ये तारीख नको, दादा."

मंदारदादाने स्क्रीन वरपासून खालपर्यंत वाचली. टिपणातल्या 'किती कष्टाने' या शब्दांपाशी तो जरा रेंगाळला. "आठ नाही, नऊ वर्षं," तो म्हणाला. "ते दुरुस्त कर." आणि मंजुरीचं बटण दाबून आपल्या जागेवर गेला. संध्याकाळी स्कूटरवर तो मेट्रोच्या भाड्याबद्दल बोलला. शिवराजला त्यातलं अर्धंच बरोबर वाटलं, पण ते त्याने सांगितलं नाही. एका आठवड्यात माणूस किती बदलणार.

पुढच्या मंगळवारी गफूरभाईंचा फोन आला नाही. मॅडमनी स्वतः लावला.

"हौ मॅडम, पीर का माल पीर कू च दिखरा," गफूरभाई म्हणाले. "इतवारवाला आदमी चले गया."

दुपारी मॅडमनी शिवराजचा कायम झाल्याचा कागद सही करून पाठवला. सोबत निरोप होता: ही फाइल यापुढे तुझ्याकडे, कुणी नवं काही मागितलं तर हो-नाही तू ठरवायचं. त्यानंतर थोड्याच वेळात त्यांचाच दुसरा निरोप आला: आलेख काढायची एक सुंदर लायब्ररी पाहिली आहे, परवानगीच्या यादीत घालून टाक.

शिवराजने पाहिलं. आलेखांची एक लायब्ररी यादीत आधीच होती आणि तीच कामं करत होती. त्याने लिहिलं, "नाही मॅडम. आहे तिच्यात होतं." पाठवलं.

मॅडमचं उत्तर आलं: "बरं."

मंदारदादा मागून वाचत उभा होता.

"मला दोन पानांचं कारण, आणि त्यांना एक ओळ?"

"तुमच्यावर सराव झाला, दादा," शिवराज म्हणाला.