ठमाबाईचे बर्फाचे हात

ठमाबाई आमच्या सुकापूरच्या बिल्डिंगमध्ये राहायला आल्या तेव्हा अर्ध्या सोसायटीने नाकाला रुमाल लावला आणि उरलेल्या अर्ध्यांनी पापलेटचा भाव विचारला. मी त्या दुसऱ्या अर्ध्यांतली. उरणच्या कोळीवाड्यात जन्म काढलेली ही बाई पनवेलच्या बाजारात मासळी विकायची. मुलगा जीवन न्हावा शेवा बंदरात ट्रेलर चालवतो, त्याने फ्लॅट घेतला म्हणून त्या कुरकुरत इथे आल्या. तळमजल्यावर त्या बोलायला लागल्या की तिसऱ्या मजल्यावर मला माझा टीव्ही ऐकू येत नसे.

त्यांचे हात मात्र बघण्यासारखे. लालसर, फुगीर, बोटांची टोकं पांढुरकी. जन्मभर बर्फात मासळी उलथीपालथी केलेली. माझ्याकडे चहाला आल्या की वाफाळता ग्लास मुठीत धरून बसायच्या आणि मी बोट पोळून ओरडले की हसायच्या. "मॅडम, तुमचं हात लोण्याचं हायत."

सून रोशनीला दिवस पूर्ण व्हायच्या आत मुलगा झाला. दोन किलोचासुद्धा नव्हता. त्याला बघून आल्यावर ठमाबाई पहिल्यांदा हळू आवाजात बोलल्या. "बोंबलासारका हाय हो." मग बरेच दिवस आई आणि बाळ हॉस्पिटलातच होती. तिथल्या वसुंधरा सिस्टरने बाळाला काचेच्या पेटीऐवजी आईच्या उघड्या छातीवर, उबेला ठेवायला लावलं, तेव्हा ठमाबाईंनी वॉर्ड डोक्यावर घेतला. माझी सून काय माकडीण आहे का पोर पोटाला लावून हिंडायला, असं त्यांचं म्हणणं. सिस्टर शांतपणे म्हणाली, "आजी, रोशनीलाही झोप हवी ना? दुपारी तुम्हीच बांधा."

आणि त्या बांधायला लागल्या. बाजारात मासळी विकायला बसणं बंद केलं. साबणाने छाती घासून मासळीचा वास घालवला. बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट. उघड्या छातीच्या मधोमध उभं धरायचं, पाय बेडकासारखे फाकवून दुमडलेले, हात वर दुमडलेले, मान एका बाजूला आणि हनुवटी किंचित वर. वरून कापड कानाखालपर्यंत घट्ट गुंडाळायचं, पण बाळाच्या पोटावर आवळायचं नाही. मग पाठीला उशा देऊन रेलून बसायचं. घरी सोडल्यावर मी बघायला गेले, तर बाई राणीसारख्या रेलून बसलेल्या आणि मलाच दरडावलं, "मान अशी वाकली का श्वास कोंडतो, कळलं काय?" रोशनी दूध काढून, तोटीच्या छोट्या पळीने थेंब थेंब पाजायची. झोपला असला तरी दर दोन तासांनी उठवून. बाळ हळूहळू भरत होतं. मला खरंच वाटलं, आता सुटलो.

पण ठमाबाईंच्या मनात एक काटा होता. बाळाची पाचवी हॉस्पिटलात गेली होती. सटवाईची पूजा झाली नव्हती, म्हणजे पोराच्या कपाळावर काही लिहिलंच गेलं नव्हतं. "कोरं कपाळ घेऊन जगलं कसं पोर?" असं त्या मला जिन्यात धरून विचारायच्या. देवीची पूजा केली नाही तर देवी घेऊन जाईल, ही भीती त्यांच्या डोळ्यांत दिसायची. त्या भीतीची चेष्टा करायला माझी जीभ रेटली नाही.

जीवनला सुट्टी मिळाली त्या रविवारी पूजा ठरली. डिसेंबरचा गारठा होता. सकाळीच ठमाबाई बाजारातून मासळी घेऊन आल्या, पाहुण्यांच्या जेवणासाठी. नात्यातल्या बायकांनी बाळाला तेल चोळून आंघोळ घातली. रोशनी म्हणत होती, "आई, सिस्टर नको म्हणाल्यात." ठमाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "एका दिसानं काय व्हतं?"

मी पोचले तेव्हा पाटा-वरवंट्यासमोर सूप ठेवलं होतं आणि त्यात नव्या झबल्यातलं बाळ. टोपी काढून ठेवलेली, कारण कुंकू लावायचं होतं. धुपाच्या धुराने सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते म्हणून पंखा लावला होता. बायका कौतुक करत होत्या. किती शांत पोर, हूं की चूं नाय, देवीनं मानून घेतलं. ते कौतुक मला बिलकुल आवडलं नाही. एवढ्या गोंगाटात कुठलं पोर गप्प पडून राहतं?

रोशनी म्हणाली, "आई, त्याची दुधाची वेळ गेली. हलवलं तरी डोळे उघडत नाही. पायाला हात लावा जरा, मला गार वाटतोय."

ठमाबाई कोळंबी सोलता सोलता उठून आल्या. हात धुतले, पुसले आणि बाळाचे पाय मुठीत घेतले. "गरम हाय गो. उगा घाबरतंस. निजलाय तर निजू दे." मग कोण बोलणार? ठमाबाईंनी सांगितलं म्हणजे झालं. बायका पुन्हा गाणी म्हणायला लागल्या.

रोशनीने मात्र ऐकलं नाही. मला त्या मुलीचं फार अप्रूप वाटलं. तिने सरळ सुपातून बाळ उचललं आणि पळी ओठांना लावली. दूध ओठाच्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळलं. बाळाने गिळलंच नाही.

"आन इकडं, मी बांधते," असं म्हणत ठमाबाईंनी आतल्या खोलीत नेऊन झबलं काढलं आणि त्याला छातीवर घेतलं. आणि त्यांचा चेहरा उतरला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मॅडम, ह्यो थंड हाय. बर्फातल्या मासळीवानी थंड हाय." स्वतःचे हात त्यांनी डोळ्यांसमोर धरले. कोळंबीच्या बर्फातून नुकतेच निघालेले हात. "ह्यांनाच गरम लागला."

माझी गाडी काढली. ठमाबाई मागे रेलून बसल्या, बाळ छातीवर तसंच, टोपी घातलेलं, वरून माझी शाल. त्यांच्या शेजारी रोशनी, पुढे माझ्याजवळ जीवन. पुलाखाली ट्रेलरमागे ट्रेलर अडकलेले. रोज ज्या रांगेत स्वतः बसतो त्या रांगेपुढे जीवन उतरून हात पसरून उभा राहिला, शिव्या खात, आणि आमच्यापुरती वाट काढली. मागून ठमाबाईंचा आवाज येत होता. "घेतला श्वास. घेतला. थांबला... पोरा, घे." त्या शालीत हात घालून त्याची पाठ चोळत होत्या. घरी पूजेसमोर रिकामं सूप तसंच पडलं असेल, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

हॉस्पिटलात त्याचं अंग फार गार पडलेलं निघालं, साखर उतरलेली, शिवाय जंतुसंसर्गाची शंका. ते दिवस मला आठवायलाही नकोत. वसुंधरा सिस्टर रागावली नाही. म्हणाली, "छातीशी धरून आणलंत, म्हणून वाटेत आणखी गार पडला नाही. पण आजी, आपलाच हात गार असला तर गार बाळही गरम लागतं. आणि दूध सोडलं, मलूल पडला, श्वास जोरात चालला किंवा थांबला, छाती आत ओढली गेली, ओठ निळे पडले, तळहात-तळपाय पिवळे दिसले, झटका आला, ताप आला, तर वाट बघायची नाही. निघायचं. अशक्त बाळ रडत नाही, नुसतं गप्प होत जातं."

त्यातून तो वाचला. त्याचं नाव कुंदन. बारशाला पाळणा सजवला होता, पण ठमाबाईंनी त्याला पाळण्यात घालू दिलं नाही. नाव त्यांच्या छातीवरच कानात सांगितलं गेलं.

आता तो धावतो, आणि आजीचा गळा त्याने घेतलाय. दुपारी भोकाड पसरतो तेव्हा वरच्या मजल्यावरचे लोक तक्रार घेऊन येतात. ठमाबाई दारात उभ्या राहतात, हात पदरात गुंडाळलेले. त्या हातांनी त्या अजून त्याच्या अंगाचा ताप बघत नाहीत, गाल लावून बघतात.

"रडू दे त्याला," त्या म्हणतात. "गप बसला का मला हाक मारा."