गुलाबी गड

माझं डोकं फिरलं ते फोरमवरच्या हसऱ्या चेहऱ्यांनी. जळगावात मी गेमसाठी मॉडेलं करते, माहेर धुळ्याकडचं. मराठी गेमवाल्यांच्या त्या फोरमवर जेवणाच्या सुट्टीत डोकावते, अडल्यानडल्याला उत्तर देते.

त्या दिवशी सोनगीरच्या एका हौशी माणसानं आमच्या अहिराणीत प्रश्न टाकला होता: "दोस्तनी गडनं मॉडेल दिधं, इंजिनमा आणं तर बठ्ठं गुलाबी दिखी ऱ्हायनं. काय करू? आबाना गुडघा गया, गड चढता येस नही. आज त्यासले दखाडनं शे." म्हणजे दोस्तानं दिलेला गड गेमच्या इंजिनात सगळाच गुलाबी दिसतोय, आणि गुडघा गेलेल्या आबांना तो आजच दाखवायचाय.

खाली उत्तर एकही नाही. नुसता दात काढायचा कार्यक्रम! "आधी मराठी शिक." "आबांना गुलाबी गडच दाखव, काय बिघडतं?" आणि एक शहाणा, "इतकं साधं येत नाही तर गेम कशाला करतोस?" अरे, साधं आहे ना, मग सांग की! सांगायला तोंड शिवलं होतं का?

मी डबा तसाच सरकवला आणि टाइप करायला घेतलं, अहिराणीतच. मॉडेल बिघडलेलं नाही, घाबरू नको. दगडावर रंग आणि उजेड कसा दिसायचा ते शेडर ठरवतो. दोस्तानं मॉडेल दिलं, त्यावर चढवायचं मटेरियल दिलं, शेडरची फाइल त्याच्याकडेच राहिली. शेडर सापडला नाही की इंजिन मुद्दाम गुलाबी फासतं, म्हणजे चूक डोळ्यात भरावी. एकेक मटेरियल उघड, शेडरच्या जागी तुझ्या प्रोजेक्टला चालणारा नेहमीचा शेडर निवड. तरी पांढरं दिसलं तर दगडाचं चित्र रंगाच्या खान्यात पुन्हा टाक. झालं.

पाठवायला गेले, तर समोर आलं: हा प्रश्न विचारणाऱ्यानं काढून टाकला आहे. त्याचं खातंही गायब. दोन मिनिटांचं काम होतं हो! कुठं शोधू आता त्याला? अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग मी तोच प्रश्न माझ्या खात्यावरून टाकला, त्याच अहिराणीत, गुलाबीसकट. खाली माझंच उत्तर. आता हसा म्हटलं, बघतेच कोण हसतं ते. कुणी हसलं नाही. माझं नाव ओळखीचं ना!

संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. सोनगीरहून काही आलं नाही. आला तो त्या शहाण्याचा निरोप, खाजगीत, गुपचूप: "ताई, थँक्यू. माझंही झाड कधीपासून गुलाबी दिसत होतं. आज सुटलं."

मी लगेच लिहिलं, "तुझं झाड हिरवं झालं. त्याच्या आबांना गड कोण दाखवणार?"